जाम स्टडसाठी वर्कशॉपला कोटेशनचा मेल: काय लिहावं, काय गाळावं

प्रश्न: सायलेन्सरचा बेंड पाइप काढताना हेडमधला एक स्टड तुटला. उरलेला तुकडा जाम आहे, हलत नाही. दोन वर्कशॉपना मेल केला: "बाईकच्या इंजिनचा स्टड जाम झालाय, काढायला किती घ्याल?" दोघांकडूनही "गाडी घेऊन या, बघून सांगतो" एवढंच उत्तर आलं. मेल छोटाच ठेवायचाय, पण आकडा मिळेल असा कसा लिहू?

उत्तर:

त्यांचं उत्तर टाळाटाळीचं नाही. तुमच्या मेलवरून काम अर्ध्या तासाचं आहे की दिवसभराचं, हे कोणालाच सांगता येणार नाही. तुकडा थोडा वर असेल तर त्यावर नट वेल्ड करून तो बऱ्याचदा पाच मिनिटांत फिरतो. तोच आत तुटलेला असेल आणि त्यात कोणी तिरकं भोक पाडून ठेवलं असेल, तर हेड उतरवून मिलिंग मशीनवर न्यावं लागतं. तुमच्या भाषेत दोन्ही "जाम स्टड"च.

त्यामुळे मेलमध्ये तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: स्टड किती उरलाय, त्याच्यावर आधी काय केलंय, आणि हत्यार तिथपर्यंत सरळ पोचतं का. बाकी सगळं दुय्यम.

किती उरलाय. "थोडा बाहेर आहे" असं लिहू नका, मोजा. तारेच्या ब्रशने गंज आणि काजळी झाडा. व्हर्नियरची मागची दांडी हेडच्या सपाट भागावर टेकवून तुकडा किती मिलिमीटर वर आहे किंवा किती खोल आहे ते बघा. जाडी शेजारच्या शाबूत स्टडवर मोजा. एम८ स्टडचे आटे मोजले तर व्हर्नियर साधारण ७.८ ते ७.९ दाखवतो, पूर्ण ८ नाही. एम६ असेल तर ५.९च्या आसपास. आट्यांचं अंतर बघायचं असेल तर दहा आट्यांची लांबी मोजा: एम८च्या नेहमीच्या १.२५ पिचला ती १२.५ मिलिमीटर येते. हा आकडा नुसता नेमकेपणासाठी नाही. एम८ वर नट वेल्ड करणं तुलनेने सोपं असतं. एम६ बारीक, वेल्ड त्यावर धरेपर्यंत कड वितळून जाते आणि पिळताना पुन्हा तुटायची भीती जास्त. म्हणजे आकारावर पद्धत बदलते, आणि पद्धतीवर पैसे.

आधी काय केलंय. हा भाग लोक लाजून गाळतात, आणि कोटेशन नेमकं इथेच फसतं. तेल मारलं, गॅस टॉर्चने तापवलं, व्हाइसग्रिपने पिळलं, एवढंच केलं असेल तर काही बिघडलेलं नाही. ड्रिल मारलं असेल तर ते लिहायलाच हवं, आणि भोक मधोमध आहे की बाजूला सरकलंय तेही. स्टड पोलादाचा, हेड अॅल्युमिनियमचं. ड्रिल जरा तिरकं झालं की ते मऊ बाजूला, म्हणजे हेडमध्ये घुसतं. मग तुकडा निघाला तरी मूळ आटे वाचत नाहीत आणि नव्या आट्यांचा इन्सर्ट बसवावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचा ईझी-आउट, म्हणजे तुटक्या स्टडमधल्या भोकात घालून तो उलटा पिळून काढायचं हत्यार. तो आत तुटून राहिला असेल तर मेलच्या पहिल्या दोन ओळींत लिहा. ईझी-आउट कडक पोलादाचा असतो, साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. त्याला कार्बाइड कटर लागतो किंवा स्पार्क इरोजन, आणि दोन्हींसाठी सहसा हेड खाली उतरवतात. हे तिथे गेल्यावर कळलं तर आधीचा आकडा कोणी पाळणार नाही, आणि त्यात वर्कशॉपची चूक नसते.

हत्यार पोचतं का. एक्झॉस्टचा स्टड इंजिनच्या पुढे असतो, आणि त्याच्यापुढे पुढचं चाक, फ्रेमची खाली येणारी नळी, लिक्विड कूल्ड गाडीत रेडिएटर. वेल्डिंगचा टॉर्च थोडा वाकवून नेता येतो, पण ड्रिल स्टडच्या रेषेत सरळच लागतं. म्हणून एक फोटो जवळून, स्टडच्या समोरून, शेजारी मोजपट्टी त्याच पातळीवर धरून काढा. दुसरा दोन पावलं मागून, चाक आणि फ्रेम दिसतील असा. या दोन फोटोंनी मेलच्या चार ओळी वाचतात. इंजिन फ्रेममध्येच आहे का आणि टाकी काढलीय का, तेही लिहा. वेल्डिंग किंवा आग जवळ नेणाऱ्याला पेट्रोलची टाकी कुठे आहे हे जाणून घ्यायचंच असतं.

तुमचा तुकडा तीन मिलिमीटर वर आहे आणि ड्रिल मारलेलं नाही असं धरून मेल लिहितो. आकडे तुमचे घाला.

> विषय: एक्झॉस्ट स्टड काढणे – कोटेशन (गाडीचं नाव, मॉडेल, वर्ष)
>
> नमस्कार,
>
> गाडी सिंगल सिलिंडर, एअर कूल्ड. हेडमधला एक्झॉस्टचा डावा स्टड तुटला आहे. आकार एम८ × १.२५, तुकडा ३ मिमी बाहेर आहे. उजवा स्टड शाबूत आहे.
>
> आतापर्यंत फक्त तेल मारलं आणि टॉर्चने तापवून व्हाइसग्रिपने पिळलं. ड्रिल किंवा ईझी-आउट वापरलेलं नाही.
>
> इंजिन फ्रेममध्ये आहे. बेंड पाइप आणि टाकी काढलेली आहे. दोन फोटो जोडले आहेत.
>
> कृपया दोन दर कळवा:
> १. आटे शाबूत राहून तुकडा निघाला, तर नवीन स्टडसह
> २. ड्रिल करून आट्यांचा इन्सर्ट बसवावा लागला, तर
>
> हेड उतरवावं लागणार असेल तर ते काम सुरू करण्याआधी मला फोन करावा. गाडी चालू स्थितीत नाही, दुसऱ्या वाहनातून आणीन. कोणत्या दिवशी आणू?
>
> (नाव, फोन)

हा फोनवर एका नजरेत वाचून होतो. त्यात दोन दर का मागितले, ते समजून घ्या, कारण मेलचा जीव तिथेच आहे.

एकच दर मागितलात तर वर्कशॉपवाला वाईटात वाईट धरून आकडा सांगतो, किंवा कमी सांगून नंतर वाढवतो. त्यालाही स्टड कसा वागेल हे आधी माहीत नसतं. पोलाद आणि अॅल्युमिनियम यांच्यात ओल शिरली की अॅल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखी बसते. ती किती खोलवर आहे हे बाहेरून दिसत नाही. नट वेल्ड केल्यावर स्टड आतून लाल होण्याइतका तापतो, फुगतो आणि थंड होताना आकसतो. त्या हालचालीत ती पकड मोडते. पोलादाचं वेल्ड अॅल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून हेडच्या पातळीला तुटलेल्या तुकड्यावरही हा उपाय करून बघतात. बऱ्याचदा जमतो, पण प्रत्येक वेळी नाही. नाही जमला की ड्रिलिंग, आणि तिथून दुसरा दर लागू.

दुसऱ्या दरात इन्सर्ट कसला, हे उत्तर आल्यावर विचारा. तारेचा हेलिकॉइल आणि भरीव बुश, दोन्ही चालतात. जिथे भोक तिरकं झालंय किंवा भिंत पातळ राहिलीय तिथे मी भरीव बुशच पसंत करतो.

हेड उतरवण्याआधी फोनची अट मात्र कधीच गाळू नका. हेड खाली आलं की गॅस्केट, टायमिंग चेन जोडणं, टॅपेट सेटिंग हे सगळं बिलात येतं, आणि स्टडचं काम त्यात किरकोळ राहतं.

काय गाळायचं तेही सांगतो. स्टड कसा तुटला याची गोष्ट नको. "नट वेल्ड करून काढून द्या" असंही लिहू नका. पद्धत तुम्ही ठरवलीत की तो त्या पद्धतीचाच दर देतो, आणि ती फसली तर पुढचं सगळं तुमच्या खात्यावर. तुम्हाला हवंय ते एवढंच: जुना तुकडा बाहेर, आटे धड, नवा स्टड बसलेला.

शाबूत उजव्या स्टडबद्दल बरेच जण "तोही बदलून टाका" लिहितात. मी नाही लिहिणार. आटे बरे असतील आणि नट हाताने शेवटपर्यंत जात असेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. तोही त्याच गंजात बसलाय, आणि काढायला गेलं की दुसरा तुटका स्टड तयार.

मेल पाठवण्याआधी एक खात्री करा, हे तुमच्यासाठी नाही पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. स्टड तुटलेला नसून फक्त नट फिरत नसेल, तर "स्टड जाम" असं लिहू नका. नट स्टडवर जाम असणं वेगळं, स्टड हेडमध्ये जाम असणं वेगळं. नुसता नट कापून किंवा फोडून काढता येतो आणि स्टड जागेवर राहू शकतो. नट फिरवताना स्टडचं टोकही बरोबर फिरत असेल तर उलट बरं, स्टड आपणहून बाहेर येतोय. पण पाना फिरतोय, स्टड रबरासारखा पिळला जातोय आणि सोडल्यावर परत मागे येतोय असं जाणवलं, तर तिथेच थांबा आणि मेलमध्ये तसंच लिहा. तो तुटण्याच्या बेतात आहे. न तुटलेल्या स्टडचं काम बऱ्यापैकी स्वस्तात होतं.

उत्तर आल्यावर कोणी एकही प्रश्न न विचारता एकच ठोक आकडा दिला, तर परत एका ओळीत विचारा: "तुकडा सरळ निघाला नाही तरी हाच दर का?" "हो" आलं तर तो मेल जपून ठेवा. "ते तेव्हा बघू" आलं तर दुसऱ्या वर्कशॉपच्या उत्तराची वाट बघा. फोटो बघून "हेड उतरवूनच करतो" असं कोणी म्हणालं तर लगेच महाग म्हणून सोडू नका. पुढचं चाक किंवा रेडिएटर खरंच आड येत असेल तर ड्रिल सरळ धरायला तोच एक मार्ग असतो. अशा वेळी गॅस्केटसकट पूर्ण आकडा मागून घ्या आणि मग तुलना करा.