आरएडीआर आणि सर्टन्टी इक्विव्हॅलंटचं उत्तर वेगळं का येतं?

"सर म्हणतात दोन्ही पद्धतींनी एनपीव्ही सारखीच यायला पाहिजे. मी एकाच प्रोजेक्टला दोन्ही लावल्या तर फरक येतोय. माझं काही चुकतंय का, आणि खऱ्या कामात कुठली धरायची?"

तुमची आकडेमोड बरोबर असू शकते. आरएडीआर म्हणजे जोखमीपोटी डिस्काउंटचा दरच चढवायचा; सर्टन्टी इक्विव्हॅलंट म्हणजे जोखीम आधी रकमेतून कापायची आणि उरलेली खात्रीची रक्कम बिनजोखमीच्या दरानं डिस्काउंट करायची. फरक येतो तो दोन्ही पद्धती काय गृहीत धरतात त्यामुळे.

एक साधं गोडाऊन घ्या. भाडेपट्ट्याच्या जागेवर बांधायचं, आज 100 लाख खर्च, मग तीन वर्षं दरवर्षी 45 लाख यायची अपेक्षा, आणि तीन वर्षांनी जागा परत. बिनजोखमीचा दर, म्हणजे सरकारी रोख्यांचा, 7% धरू आणि जोखमीसकट 15%. पंधरानं डिस्काउंट केलं की आजची किंमत येते 102.75 लाख, म्हणजे एनपीव्ही जेमतेम पावणेतीन लाख.

आता हा 15% आतमध्ये काय करतो ते बघा, कारण खरी गंमत तिथेच आहे. 7% हा वेळेचा मोबदला, वरचे 8% जोखमीचे, पण दोन्ही एकाच दरात बसवल्यामुळे जोखमीचा भागसुद्धा व्याजासारखा चक्रवाढीनं वाढतो. त्यातून निघणारा अल्फा, म्हणजे अपेक्षित रुपयामागे खात्रीचे किती पैसे धरले, तो असा:

```
α_t = ((1 + rf) / (1 + k))^t
```

इथे rf म्हणजे बिनजोखमीचा 7%, k म्हणजे जोखमीसकट 15%, t म्हणजे कितवं वर्ष. आपल्या आकड्यांत पहिल्या वर्षी 0.93, दुसऱ्या वर्षी 0.87, तिसऱ्या वर्षी 0.81. हेच अल्फा सगळ्या दशांशांसकट 45 ला लावून 7% नं डिस्काउंट करा, तंतोतंत 102.75 येईल. सरांचं म्हणणं या अर्थानं खरं आहे, पण अल्फा असेच घसरणारे असतील तरच. दहाव्या वर्षापर्यंत हा आकडा 0.49 वर येतो, म्हणजे निम्मी रक्कम नुसती जोखमीपोटी कापली, वेळेची कपात त्याच्यावर वेगळी.

पण आपल्या गोडाऊनची जोखीम तशी आहे का? समजा भाड्याचा दर एकदाच, सुरुवातीच्या बोलीत ठरणार आणि नंतर तीन वर्षं करारानं तोच राहणार, भाडेकरूही पक्का. मग जी काही धाकधूक आहे ती एकदाच आहे आणि तिन्ही वर्षांना सारखी लागू आहे, त्यामुळे अल्फा तिन्हीकडे 0.93 च धरायला हवा. दरवर्षी खात्रीचे 41.85 लाख, 7% नं त्यांची किंमत 109.83 लाख, एनपीव्ही जवळपास दहा लाख. प्रोजेक्ट तोच, आणि पहिल्या वर्षाची जोखीमही दोन्हीकडे सारखीच मोजलीय, फरक फक्त पुढच्या वर्षांचा. म्हणून माझं मत असं की जोखीम वर्षागणिक साचत जाते तिथे, म्हणजे चालू धंदा वाढवणं, नेहमीची मशिनरी वगैरे, तिथे आरएडीआर बिनधास्त वापरा, पण जोखीम एखाद्या टप्प्यावर सुटणार असेल (चाचणी, परवाना, बोली) तर एकच दर सगळ्या वर्षांना लावू नका.

सगळ्यात जास्त फसगत शेवटी येणाऱ्या खर्चात होते. खाण बंद करताना दहाव्या वर्षी अंदाजे 100 लाख लागणार, आणि आकडा बेभरवशाचा. "जोखीम जास्त म्हणून दर जास्त" करत 15% लावले तर तो खर्च आज फक्त 24.7 लाख दिसतो, 7% ला 50.8 लाख. म्हणजे जोखीम वाढवली आणि खर्च स्वस्त झाला, हे उलटंच! खर्चासाठी अल्फा सहसा एकापेक्षा मोठा असतो: ही डोकेदुखी कायमची मिटवायला तुम्ही दहाव्या वर्षी नक्की 120 लाख द्यायला तयार असाल तर त्याची आजची किंमत 61 लाख. (बाजार तेजीत असताना हा खर्च वाढत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा चढा दर बरोबर ठरू शकतो.)

आता सर्टन्टी इक्विव्हॅलंटची दुखरी बाजू. अल्फा आणायचा कुठून? मालकाला "नक्की किती मिळाले तर सोडाल" विचारलं की त्याच्या स्वभावाचा अल्फा मिळतो, शेअरहोल्डरचा नाही, आणि कमिटीसमोर 0.93 चं समर्थन करणं 15% पेक्षा खूप अवघड जातं. आरएडीआर टिकून आहे तो याच कारणानं.

मी स्वतः एका फाइलमध्ये बघितलंय की विक्रीचे आकडे आधीच "सेफ साइड" म्हणून कापलेले आणि वर दरही चढा लावलेला, जोखीम दोनदा कापली गेली आणि चांगला प्रोजेक्ट बाद झाला. त्यामुळे तुमच्या शीटमध्ये आधी हे तपासा: 45 हा सगळ्या शक्यतांची सरासरी आहे की कुणीतरी आधीच कात्री लावलेला आकडा? आणि अल्फा लावलेल्या ओळीत 7% आहे ना, की चुकून 15% चाच सेल ओढला गेलाय?