रोजच्या फोनमधून हॉल आणि केटरर बाहेर काढ

अगं, साखरपुड्यापासून लग्नापर्यंत एकमेकांशी जवळीक कशी टिकवायची विचारलंस ना? तुझा साखरपुडा मेमधे आणि लग्न फेब्रुवारीत म्हणजे नऊ महिने. आमचं पण असंच, मधे चातुर्मास आला, नंतरच्या तारखांना हॉल मिळेना. मी पुण्यात, माझा होणारा नवरा नागपूरला, एकदा भेटायचं तर रात्रभराचा प्रवास, त्यामुळे एवढ्या काळात फक्त तीनदा भेटलो.

पहिले दोन महिने रोज तास-दीड तास फोन, मग विषयच संपले. "जेवलास का" नंतर थेट "आई विचारतेय मानपानाच्या साड्या किती" आणि तिथून भांडण. खरं सांगू, भांडण आमचं नव्हतंच, दोन्ही घरांचे निरोप आम्ही एकमेकांवर फेकत होतो.

मग ठरवलं, लग्नाची कामं फक्त रविवारी सकाळी, तेही वहीत लिहून. रोजचा फोन पंधरा-वीस मिनिटंच, दमलो असलो तर नाही, पण तसा मेसेज टाकायचा, गायब व्हायचं नाही. दिवसभरात एखादी व्हॉइस नोट, अगदी फालतू. त्याने एकदा टपरीवर तर्री पोह्याची वाट बघताना दोन मिनिटं नुसती बडबड पाठवली होती, मागे झाऱ्याचा खणखणाट, ती मी अजून डिलीट केलेली नाही.

आणि भेटशील तेव्हा अख्खा दिवस नातेवाईकांकडे घालवू नकोस. दोन तास आधीच मागून घे, घरच्यांना स्पष्ट सांगून. आम्ही तुळशीबागेत नुसते फिरलो, घासाघीस करताना तो किती लाजतो ते फोनवर कधी कळलंच नसतं.