ट्रॅव्हल व्हिडिओला उबदार सिनेमॅटिक लूक देताना सावल्या काळ्याठिक्कर आणि चेहरे नारिंगी का होतात?

प्रश्न: मालवण-तारकर्ली ट्रिपचा व्हिडिओ एडिट करतोय. काही शूट फोनवर आहे, काही ॲक्शन कॅमेऱ्यावर. नेटवरून एक वॉर्म सिनेमॅटिक लट उतरवून सगळ्या क्लिप्सवर टाकली, तर सावल्या काळ्या झाल्या, सगळ्यांचे चेहरे संत्र्यासारखे दिसायला लागले आणि तरीही प्रत्येक क्लिप वेगळीच दिसतेय. दाविंची रिझॉल्व्ह फ्री वापरतो. काय करू?

उत्तर:

तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन एकाच कारणाने होतात, आणि ते कारण उबदार रंग नाही, काँट्रास्ट आहे. नेटवरच्या बऱ्याच लट लॉग फुटेजसाठी बनवलेल्या असतात. लॉग फुटेज मुद्दाम फिकं आणि सपाट असतं, म्हणून लट त्यात भरपूर काँट्रास्ट आणि सॅच्युरेशन ओतते. तुमच्या फोनने ते काम शूट करतानाच उरकलेलं असतं. म्हणजे तुमच्या चित्राला काँट्रास्ट दोनदा बसला.

हे आकड्यांत बघा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. रिझॉल्व्हच्या स्कोपमध्ये पट्टी 0 ते 1023 असते. समजा, उन्हातल्या एका गव्हाळ गालाचा लाल 600, हिरवा 430 आणि निळा 340 आहे. लाल आणि निळ्यातलं अंतर 260. रिझॉल्व्हचा पिव्हट मुळात 0.435 वर असतो, म्हणजे साधारण 445. आता काँट्रास्ट 1.3 केला, तर पिव्हटच्या वरचं आणखी वर जातं, खालचं आणखी खाली. लाल होतो 646, निळा 308. अंतर 338 झालं, आणि आपण अजून उबदारपणाला हातही लावलेला नाही! त्यावर लाल सहा टक्के वाढवला, निळा आठ टक्के उतरवला, की अंतर जातं 401 च्या आसपास. हाच तुमचा संत्र्यासारखा चेहरा. वाढलेल्या अंतरातला अर्ध्याहून जास्त वाटा काँट्रास्टचा आहे, पण आपण सगळा दोष टेम्परेचरच्या स्लायडरला देतो.

त्याच 1.3 मुळे 103 च्या खालचं सगळं शून्याच्याही खाली जातं. काळे केस, होडीच्या आतली सावली, माडाच्या बुंध्याची सावलीतली बाजू, सगळं त्या पट्ट्यात असतं. हा सरळ गुणाकाराचा हिशोब झाला. सेटिंगमध्ये काँट्रास्टला एस-कर्व्ह चालू असेल तर सावल्या इतक्या सरळ कापल्या जात नाहीत, पण चेपल्या जातातच. ओळखायचं कसं? वेव्हफॉर्म उघडा. तळाशी रेषा धुरासारखी विरळ होत संपत असेल तर सावलीत तपशील आहे. तळाला जाड, सपाट, चकचकीत पट्टी बसली असेल तर तिथलं गेलं.

तेव्हा आधी ती लट काढा.

आता तिसरी तक्रार. एकच लट टाकूनही क्लिप्स वेगळ्या दिसतात, कारण त्या मुळातच वेगळ्या आहेत. फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स दर फ्रेमला आपलं मत बदलतो, ॲक्शन कॅमेऱ्याचा निळा वेगळाच असतो. लूक सगळ्यांना सारखाच ढकलतो, त्यामुळे सुरुवातीचा फरक शेवटपर्यंत टिकतो. म्हणून कामाचे दोन भाग करा: दुरुस्ती प्रत्येक क्लिपवर वेगळी, लूक मात्र एकाच जागी.

रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी ग्रुप आहेत. कलर पेजवर सगळ्या क्लिप्स निवडा, राइट क्लिक करून Add into a New Group करा. मग नोड एडिटरच्या वरच्या यादीत Clip आणि Group Post-Clip असे पर्याय दिसतील. दुरुस्ती Clip मध्ये करायची, लूक Group Post-Clip मध्ये. तोच लूक Timeline मध्येही टाकता येतो, पण मग तुमची पांढरी टायटल्सही पिवळसर होतात, म्हणून मी ग्रुपच वापरतो.

दुरुस्ती करताना एक क्लिप मानदंड म्हणून ठरवा. तिच्यात चेहरा हवा, काहीतरी पांढरं हवं आणि काहीतरी खरंच काळं हवं. तुमच्या फुटेजमध्ये दुपारी जेटीवर उभं राहून बोलतानाची एखादी क्लिप असेलच: मागे पांढरा रंग दिलेली होडी, समोर माणूस, डोक्यावर काळे केस. परेड स्कोप लावा आणि होडीचा पांढरा भाग लाल, हिरव्या, निळ्या तिन्ही पट्ट्यांत साधारण एका उंचीवर येईल असं टेम्परेचर आणि टिंट फिरवा. मग तिचा स्टिल घ्या आणि बाकीच्या क्लिप्स त्याच्याशी वाइप लावून जुळवा. आधी उजेड, मग रंग. उलट केलंत तर उजेड बदलला की रंग पुन्हा सरकलेला वाटतो.

इथे दोन जागी जपा. सूर्यास्ताची क्लिप तटस्थ करायला जाऊ नका. लाटांचा फेस पांढरा दिसला पाहिजे म्हणून टेम्परेचर खाली खेचलंत तर संध्याकाळची दुपार होईल. तिला फक्त थोडं थंड करा, कारण पुढे लूकचा उबदारपणा तिच्यावरही चढणारच आहे. दुसरी जागा म्हणजे खानावळीच्या आतलं शूट: एका गालावर खिडकीतला उजेड, दुसऱ्यावर पिवळा बल्ब. दोन्ही एकदम दुरुस्त होत नाहीत. चेहऱ्याचा मोठा भाग ज्या उजेडात आहे तो धरा, दुसरा राहू द्या. आणि क्लिप चालू असतानाच फोनने रंग बदलला असेल तर तिथे कट मारून दोन तुकडे वेगवेगळे जुळवा, कीफ्रेमच्या भानगडीपेक्षा ते लवकर होतं.

आयफोनवर एचडीआर चालू ठेवून शूट केलं असेल तर त्या क्लिप्स साध्या टाइमलाइनवर विचित्र दिसतील. त्यांच्या पहिल्या नोडवर Color Space Transform लावा: इनपुट Rec.2020 आणि Rec.2100 HLG, आउटपुट Rec.709 आणि Gamma 2.4. पुढच्या वेळी शूट करतानाच एचडीआर बंद ठेवा.

आता लूक. Group Post-Clip मध्ये तीन नोड पुरतात.

पहिल्यात काँट्रास्ट 1.08 आणि पिव्हट 0.3. पिव्हट खाली आणल्यामुळे सावल्या कमी दबतात आणि मधला उजेड किंचित वर येतो. हाच हिशोब पुन्हा करा: 60 वर असलेले केस 40 वर येतात, म्हणजे अजून जिवंत आहेत. गालाचं अंतर 260 वरून 281 होतं, एवढंच. ढग किंवा वाळू फार चमकायला लागली तर हायलाइट्स थोडे उतरवा.

दुसऱ्यात उबदारपणा, आणि तो गेनच्या चाकाने. गेन हा गुणाकार आहे, त्यामुळे उजळ भाग जास्त उबदार होतात आणि काळं काळंच राहतं. ऑफसेट सगळीकडे सारखी बेरीज करतो, त्यामुळे सावल्या चहासारख्या तपकिरी होतात आणि सगळ्या चित्रावर पिवळी काच धरल्यासारखं वाटतं. चाक नारिंगीकडे इतकंच सरकवा, की लाल तीनेक टक्के वर आणि निळा चारेक टक्के खाली जाईल. लिफ्टला हात लावू नका. सावल्या तटस्थ राहिल्या तरच उजेड उबदार वाटतो, कारण डोळ्याला तुलनेला काहीतरी लागतं. या टप्प्याला गालाचं अंतर 313 च्या आसपास येतं.

तिसरा नोड त्वचेसाठी. इथे बहुतेक ट्युटोरियल सांगतात की क्वालिफायरने त्वचा वेगळी निवडा. स्टुडिओत ते ठीक आहे. कोकणात जांभ्याच्या भिंती, वाळू, होडीचं लाकूड, सुकत घातलेली मासळी, सगळं त्वचेच्याच रंगपट्ट्यात येतं, आणि क्वालिफायर अर्धी फ्रेम उचलतो. मग चेहऱ्याच्या कडा थरथरताना दिसतात. त्यापेक्षा Hue vs Sat कर्व्हमध्ये नारिंगीवर एक बिंदू ठेवून तो थोडा खाली घ्या. जांभाही किंचित फिका होईल, होऊ द्या. त्या भिंती कॅमेऱ्यात नाहीतरी गरजेपेक्षा लाल येतात. अंगणात जांभ्याच्या भिंतीशेजारी उभ्या माणसाच्या गालावर तिचा लाल उजेड खरोखरच पडलेला असतो. तेवढ्या एका क्लिपमध्ये चेहऱ्यावर गोल विंडो लावा, ट्रॅक करा आणि Clip पातळीवरच लाल उतरवा.

किती उतरवायचं ते व्हेक्टरस्कोपवर बघा. त्यात स्किन टोन इंडिकेटर चालू केला की डावीकडे वर जाणारी एक रेषा दिसते. चेहऱ्यावर झूम करा, म्हणजे स्कोपमध्ये फक्त त्वचा उरेल. गोरी, गव्हाळ, सावळी, कुठलीही त्वचा त्याच रेषेच्या आसपास येते, फरक पडतो तो उजेडात आणि रंगाच्या गडदपणात. ठिपक्यांचा पुंजका रेषेवर आहे पण केंद्रापासून फार लांब गेलाय, तर सॅच्युरेशन जास्त आहे. रेषेवरून लालकडे किंवा पिवळ्याकडे ढळलाय, तर रंगच चुकलाय. हे दोन वेगळे आजार आहेत, पहिल्यावर टेम्परेचर फिरवून काही होत नाही.

चेहऱ्याच्या उजेडाबद्दल परदेशी व्हिडिओ 70 टक्क्यांचा आकडा देतात. तो गोऱ्या त्वचेचा आहे. सावळ्या चेहऱ्याला ओढून तिथे नेलंत तर तो राखट दिसतो. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांचा उजेडातला भाग मला 400 ते 600 च्या मध्ये बरा वाटतो. आणि दिवसभर पाण्यात घालवलेला माणूस संध्याकाळी खरोखरच रापलेला असतो, त्याला सकाळच्या चेहऱ्याशी तंतोतंत जुळवायचा अट्टाहास नको.

हे सगळं करताना लॅपटॉपचा नाइट लाइट बंद ठेवा. त्यातही डोळा पाच-दहा मिनिटांत उबदार चित्राला सरावतो आणि हात आणखी थोडा नारिंगी ओततो. Shift+D दाबून मधूनमधून मूळ चित्र बघत राहा. शेवटी Lightbox उघडून सगळ्या क्लिप्स एकत्र छोट्या आकारात बघा. जी वेगळी आहे ती लगेच खटकते. तिची दुरुस्ती Clip मध्ये करा, लूकच्या नोड्सना तेव्हा हात लावू नका. लूकच एकंदर जास्त वाटला तर उबदारपणाच्या नोडचा Key Output मधला Gain 1.0 वरून 0.7 वर आणा, सगळ्या क्लिप्स एकदम सौम्य होतील.