‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ : यातला ‘डोंगा’ कोणता?

प्रश्न : मी दहावीत आहे. चोखोबांच्या ‘ऊस डोंगा’ या अभंगात डोंगा म्हणजे होडी का? वर्गात एकजण म्हणाला की चोखोबांना कुबड होतं, म्हणून ते स्वतःला डोंगा म्हणतात. ओळीओळीने अर्थ सांगाल का?

होडीला डोंगा म्हणतात हे खरं, पण हा शब्द तो नव्हे. इथला ‘डोंगा’ हे विशेषण आहे. अर्थ वाकडा, बाकदार. ते विशेषण आहे याची खूण अभंगातच सापडते. ऊस डोंगा, कमान डोंगी, जळ डोंगें. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या लिंगाप्रमाणे शब्द बदलतो, जसं आपण वाकडा, वाकडी, वाकडं म्हणतो.

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

‘परी’ म्हणजे पण. ‘नोहे’ म्हणजे ‘न होय’, आजचं ‘नव्हे’. ऊस वाकडा असला तरी त्याचा रस वाकडा नसतो. वाऱ्यापावसाने आडवा पडलेला ऊस कधी पाहिला आहेस का? पडला तरी त्याचा शेंडा वळून पुन्हा वर चढतो, म्हणून कांडं धनुष्यासारखं बाकदार होतं. ते सोलून दाताखाली धर, बाकाची चव काही रसात उतरलेली नसते. (असा ऊस फार दिवस शेतात राहिला तर साखरेचा उतारा घटतो, हे शेतकरी सांगेल. पण चोखोबा आकाराबद्दल बोलत आहेत.)

आता ध्रुपद, कारण सगळा रोख तिथे आहे. यातलं ‘काय’ हे ‘कोणती वस्तू’ विचारणारं नाही. ‘काय रडतोस?’ म्हणताना आपण ‘कशाला रडतोस’ म्हणतो ना, तेच हे ‘काय’. ‘भुललासी’ म्हणजे भुललास, फसलास. ‘वरलिया’ हे ‘वरला’चं रूप. वरला मजला म्हणतो त्यातलं. ‘रंगा’ वाचून पुष्कळांना ‘पांडुरंगा’सारखी हाक वाटते, पण तीही नव्हे. जुन्या मराठीत ‘ला’ न लावताही काम भागायचं, तेव्हा ‘वरलिया रंगा’ म्हणजे वरच्या रंगाला. रंग म्हणजे नुसता काळा-गोरा नाही. वरवर दिसणारं सगळं रूप त्यात आलं. एकूण अर्थ असा : वरच्या रूपाला कशाला भुललास? आणि हे ‘तू’ला विचारलेलं आहे. ‘लोक भुलतात’ असं मोघम नाही. समोर उभ्या असलेल्या एकाला थेट केलेला प्रश्न आहे.

कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा ।

कमान म्हणजे धनुष्य. धनुष्य वाकडं, पण बाण वाकडा जात नाही. मला ही ओळ पहिलीपेक्षा धारदार वाटते. ऊस सरळ असता तरी रस गोडच निघाला असता. धनुष्याचं तसं नाही. ते वाकतं म्हणूनच दोरी ताणली जाते आणि तीर सरळ सुटतो. म्हणजे ‘वाकडं असूनही चांगलं’ एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. ज्याला तू खोट म्हणतोस तिच्यातच कधी बळ असतं.

नदी डोंगी परी जळ नव्हे डोंगें ।

नदी वळणं घेत जाते, पाणी वाकडं नसतं. ओंजळीत घे, त्यात वळण शिल्लक राहत नाही. (‘नोहे’ आणि ‘नव्हे’ एकच. छापील प्रतींत दोन्ही दिसतात.) चोखोबा सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे, आणि पंढरपूर हे त्यांचं देवस्थान. तिथे भीमा नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. त्या डोंग्या नदीत वारकरी भक्तिभावाने स्नान करतात. चोखोबांच्या डोळ्यांपुढे तीच नदी होती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण ही ओळ म्हणताना मला तीच दिसते.

चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा ।

इथे तुझ्या कुबडाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चोखोबा आपल्या पाठीबद्दल बोलत नाहीत. चौदाव्या शतकातल्या समाजाने त्यांना महार जातीत जन्मले म्हणून अस्पृश्य ठरवलं होतं, आणि देवळात पाऊल टाकायची बंदी केली होती. लोकांच्या नजरेला ते ‘डोंगे’ होते. तोच शब्द उचलून ते म्हणतात : ठीक, चोखा डोंगा म्हणा, पण त्याचा भाव, म्हणजे मनातली भक्ती, डोंगी आहे का?

या ओळीत आणखी एक गंमत आहे. ‘चोखा’ या नावातच ‘चोख’ आहे. चोख सोनं, चोख हिशेब म्हणतो त्यातला. शुद्ध, अस्सल. ‘चोखा डोंगा’ म्हणजे अस्सलालाच वाकडं म्हणणं. दोन शब्द शेजारी ठेवले की विसंगती आपोआप कानाला खटकते. या ओळीनंतर तेच ध्रुपद पुन्हा येतं, आणि आता ते ऊस बघणाऱ्याला विचारलेलं राहत नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळात नाही. ती महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. त्या देवळाचं दार सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं.

आता आजचं उदाहरण. ते चोखोबांच्या दुःखाच्या मापाचं नाही हे आधी सांगतो. बोलीवरून हसणं आणि जन्मावरून दाराबाहेर ठेवणं यांत फार अंतर आहे. पण भुलण्याची रीत तीच असते.

समज, तुमच्या प्रयोगशाळेत नळीने एका बादलीतलं पाणी दुसरीत घ्यायचंय. नळी भरून घेतली, एक टोक पाण्यात सोडलं, तरी पाणी पडत नाही. मंगळवेढ्याकडून नुकताच आलेला मुलगा म्हणतो, “भाईरचं तोंड पान्याच्या पातळीच्या खाली घ्या की, मग व्हतंय चालू.” ‘पान्याच्या’ ऐकून दोघं हसतात, एकजण ‘पाण्याच्या’ म्हणून दुरुस्ती करतो, आणि त्याने काय सांगितलं ते कोणीच ऐकत नाही. नळीचं बाहेरचं टोक अजून वरच धरलेलं. पाच मिनिटांनी कंटाळून कोणीतरी हात खाली सोडतो आणि धार सुरू होते. उच्चार त्याचा डोंगा ठरवला, उत्तर डोंगं नव्हतं. शेतात नळी टाकून पिंपातलं पाणी काढणाऱ्याला ते हाताने ठाऊक होतं.

वर्गात अर्थ सांगायची वेळ आली तर ती नळीच फळ्यावर काढ. वर चढून खाली उतरणारी, चांगली बाकदार. शेजारी लिही : नळी डोंगी परी पाणी नोहे डोंगें. ‘नळी’ला ‘डोंगी’ आणि ‘पाणी’ला ‘डोंगें’ का झालं, हे वर्गाला विचार. जो सांगेल त्याला होडीची शंका उरणार नाही.