चाळीस सेकंदांचं भडंग

"सर, मी मिरजेत टी.वाय.बी.ए.ला आहे. आमच्या ओळखीच्या एका फराळाच्या दुकानदार काकांनी भडंगाच्या रीलची स्क्रिप्ट लिहून मागितली. मी आईला विचारून दीड पान कृती लिहून दिली. ती वाचायलाच दोन मिनिटं लागतात, ४० सेकंदांत बसव, असं म्हणून त्यांनी परत केली. रीलची स्क्रिप्ट नक्की कशी लिहितात? आणि यात पुढे काम मिळेल का?"
— एक विद्यार्थिनी, मिरज

तू लिहिलेली कृती वाचणाऱ्यासाठी आहे. रीलच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक सेकंदाला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: डोळ्यांना काय दिसतं, पडद्यावर कोणती अक्षरं येतात आणि कानांवर काय पडतं. म्हणून परिच्छेद सोड आणि वहीत उभ्या रेघा मारून वेळ, दृश्य, मजकूर, आवाज असे चार रकाने कर.

लिहिण्याआधी आईला एकदा भडंग करायला सांग आणि मोबाइलचं घड्याळ लावून शेजारी उभी राहा. खरी कृती अर्ध्या तासाची असते. त्यातलं काय कापलं तरी चालतं आणि काय कापलं तर बघणाऱ्याचं भडंग बिघडतं, हे तिथेच कळतं. शेंगदाणे तळायची मिनिटं कापता येतात, कच्चे आणि तळलेले दाणे लागोपाठ दाखवले की झालं. पण तिखट घालण्याआधी गॅस बंद होणं कापता येत नाही. कडक तापलेल्या तेलात तिखट पडलं की ते काळवंडतं, ठसका उठतो आणि सगळ्या भडंगाला करपट चव येते. घरी पहिल्यांदा करणाऱ्याची चूक बहुतेक वेळा इथेच होते. त्यामुळे तुझ्या ४० सेकंदांतली ऐसपैस जागा या क्षणाला द्यायची आणि बाकीच्यांनी दाटीवाटीने बसायचं.

आता मजकुराची वेळ. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून रील बघतात, त्यामुळे जिन्नस आणि मापं अक्षरांतूनच कळायला हवीत. एका ओळीत जिन्नस आणि माप, एवढंच. ती ओळ मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत पडद्यावर राहिली पाहिजे. एका ओळीला साधारण दोन सेकंद, तीन ओळींना पाच धर. जिन्नस कढईत पडायच्या किंचित आधी ओळ यावी, पडल्यानंतर आली तर डोळा कढईवर असतो आणि माप निसटतं. माप शक्यतो वाटी-चमच्यात दे आणि चमचा कोणता तेही सांग. पोह्याच्या चमच्याने तीन चमचे तिखट घातलं तर भडंग तोंडात घालवणार नाही.

भडंगाची खरी अडचण मसाल्याशी येते. हळद, तिखट, धने-जिरेपूड एकाच क्षणी कढईत पडतात आणि तीन मापं वाचायला तेवढा वेळ नसतो. उपाय असा, की मापं वाचायची वेळ आणि घालायची वेळ वेगळी कर. मसाल्याची वाटी आधी स्थिर दाखव, तिथे मापं वाचून होऊ देत. कढईच्या वेळी पडद्यावर फक्त गॅसची सूचना ठेव.

आवाजासाठी सेकंदाला दोन शब्द धर. त्याहून जास्त कोंबले की बोलणारा धावतो. काकांची रील मी अशी लिहीन:

०–३ से. दृश्य: मुठीत चुरलेले चुरमुरे. मजकूर: भडंग मऊ पडतं? आवाज: "भडंग दुसऱ्याच दिवशी मऊ पडतं? बघा."

३–८ से. दृश्य: कोरड्या कढईत चुरमुरे. मजकूर: चुरमुरे पाव किलो / मंद आच, ५ मिनिटं. आवाज: "चुरमुरे आधी कोरडेच भाजा. दाणा चिमटीत कट्‌कन मोडला पाहिजे."

८–१३ से. दृश्य: तेलात शेंगदाणे, मग झाऱ्यावर तळलेले. मजकूर: तेल अर्धी वाटी / शेंगदाणे १ वाटी. आवाज: "शेंगदाणे तळून बाजूला काढा."

१३–१९ से. दृश्य: लसूण, मग कढीपत्ता. मजकूर: लसूण १ गड्डा, ठेचून / कढीपत्ता १ मूठ. आवाज: "त्याच तेलात लसूण सोनेरी आणि कढीपत्ता कुरकुरीत होऊ द्या."

१९–२४ से. दृश्य: मसाल्याची वाटी, स्थिर. मजकूर (चहाचा चमचा): तिखट ३ / धने-जिरेपूड १ / हळद अर्धा. आवाज: "मसाला आधीच मोजून ठेवा."

२४–३० से. दृश्य: हात गॅसच्या बटणावर, ज्योत विझते, मग वाटी कढईत. मजकूर: गॅस बंद. मग मसाला. आवाज: "आता गॅस बंद. तेल जरा निवलं की मगच मसाला."

३०–३५ से. दृश्य: चुरमुरे, शेंगदाणे, वरून मीठ-साखर. मजकूर (चहाचा चमचा): मीठ दीड / पिठीसाखर २. आवाज: "लगेच चुरमुरे आणि दाणे. मीठ-साखर वरून, हलक्या हाताने हलवा."

३५–४० से. दृश्य: डबा, मग ताटलीत भडंगावर कांदा, कोथिंबीर, लिंबू. मजकूर: कांदा-लिंबू ताटलीतच! आवाज: "गार झाल्यावरच डब्यात भरा. कांदा, लिंबू खायच्या वेळी, ताटलीत."

मीठ-साखर तेलात न घालता वरून का? ती तेलात विरघळत नाहीत, तळाशी बसतात आणि शेवटच्या मुठीत सगळी खारट चव येते. हे कारण रीलमध्ये सांगायला जागा नाही, ते खालच्या लिखित माहितीत टाक.

शेवटची सूचना तू "गरमागरम सर्व्ह करा" अशी लिहिली असशील, तर ती काढ. ती कुठल्याही पदार्थाला लागते आणि भडंगाला तर चुकीची आहे, गरम भडंग डब्यात कोंडलं तर वाफेने मऊ पडतं. शेवटी तीच गोष्ट सांगायची, जी न कळल्याने केलेलं वाया जातं. इथे ती ओलाव्याची आहे. पहिल्या तीन सेकंदांतल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

स्क्रिप्ट द्यायच्या आधी एक तपासणी कर. घरातल्या कुणाला तरी आवाज बंद करून कच्ची रील दाखव आणि जिन्नस, मापं कागदावर लिहायला सांग. जे माप चुकेल किंवा राहील, तिथे वेळ वाढव आणि आवाजातला शब्द कमी कर. अक्षरं पडद्याच्या मध्यभागी ठेव. खाली नाव आणि माहिती येते, उजवीकडे बटणं येतात, तिथली मापं झाकली जातात. काही फाँटमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून "कढीपत्ता" आणि "गड्डा" हे दोन शब्द आधी टाकून बघ.

कामाचं स्पष्ट सांगतो. आपल्या भागात नुसती स्क्रिप्ट विकत घेणारे थोडे आहेत. दुकानदाराला लिहिणं, चित्रीकरण आणि जोडणी एकाच माणसाकडून हवी असते. मोबाइलवर संकलन करायला शीक, मग हा रकान्यांचा तक्ता तुझी जमेची बाजू ठरेल, कारण त्याच्यावरून शूटिंगला काय काय लागतं ते आधीच कळतं आणि काकांचा दिवस वाया जात नाही. नमुन्यादाखल भडंगासोबत अख्ख्या मसुराची एक स्क्रिप्ट लिही. त्यात रात्रभर भिजवणं आहे. ते पहिल्याच ओळीत सांगितलं नाही, तर संध्याकाळी रील बघून स्वयंपाकाला लागलेली बाई फसते. झटपट पदार्थ आणि वेळखाऊ पदार्थ, दोन्ही बांधता येतात हे या दोन कागदांवरून दिसेल.

पैशांचं बोलणं कामाआधी कर: स्क्रिप्टचे किती, दुरुस्त्या किती वेळा, साहित्य कोण आणणार. रील काकांच्या नाही, तुझ्या खात्यावर पैसे घेऊन टाकणार असशील तर ती जाहिरात आहे हे ठळक लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये तसे नियम केले आहेत. ते शब्द सुरुवातीपासूनच दाखव, ४० सेकंदांच्या रीलमध्ये निदान एक तृतीयांश वेळ पडद्यावर राहू देत आणि तक्त्यात त्यांची जागा आधीच राखून ठेव.