एसजीपीटी नॉर्मल, तरी इंजेक्शन थांबवायचं?

प्रश्न: सिरोसिसच्या पेशंटचा एसजीपीटी ३५, आयएनआर २.१, क्रिएटिनिन १.६ आहे. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक आयएम लिहिलंय. द्यावं का?

उत्तर: देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करून हे आकडे सांगा. एसजीपीटी लिव्हरच्या पेशींची इजा दाखवतो, कामाची क्षमता नाही. जुन्या सिरोसिसमध्ये तो नॉर्मल येऊ शकतो, आणि विद्यार्थी इथेच फसतात. आयएनआर वाढलाय म्हणजे रक्त गोठवणारे घटक कमी बनताहेत, त्यामुळे स्नायूत सुई टोचली तर आत रक्त साचू शकतं. शिवाय डायक्लोफिनॅक किडनीचा रक्तपुरवठा घटवतं. सिरोसिसमध्ये किडनी आधीच त्याच पुरवठ्यासाठी झगडत असते. मात्र एकट्या १.६ वर जाऊ नका: स्नायू झडलेल्या पेशंटमध्ये क्रिएटिनिन मुळातच कमी दिसतं, म्हणजे किडनी आकड्यापेक्षा जास्त बिघडलेली असू शकते. मागचा रिपोर्ट आणि लघवीचं प्रमाणही कळवा.