गल्लीत आधीच तीन 'साई' आहेत, बिल्डिंगचं नाव काय ठेवू?

प्रश्न: नागपूरच्या बेसा भागात आमची ८ फ्लॅटची बिल्डिंग होतेय, शुभ नाव हवंय पण शेजारी साईकृपा, साईछाया, श्री साई आधीच आहेत. काय ठेवावं?

'वरद' ठेवा, म्हणजे वर देणारा, गणपतीचंच नाव आहे आणि शेजारच्या एकाशीही उच्चार जुळत नाही. मी नागपुरात बिल्डिंगचे बोर्ड बनवतो, त्यामुळे हा घोळ नेहमी बघतो, लोकांच्या लक्षात नावाचा पहिला शब्द राहतो, पुढचं कृपा, छाया, धाम सगळं गळून जातं, मग गॅस सिलेंडरवाला असो की रात्री बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स, 'साई' ऐकून भलत्याच गेटवर उभी राहते. म्हणून 'साईवरद' नको, आणि आपल्याकडे शेगावमुळे 'गजानन' पण जागोजागी आहे. पक्कं करायच्या आधी पुढच्या-मागच्या दोन गल्ल्या फिरून बोर्ड वाचा आणि कोणाला तरी फोनवर नाव एकदाच सांगून लिहायला लावा, चुकीचं लिहिलं तर नाव बदला.

अर्थ पण नक्की बघा. 'अनिकेत' ऐकायला छान वाटतं, शंकराचं नाव म्हणून मुलाला शोभतंही, पण निकेत म्हणजे घर आणि अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो, ते घराच्याच पाटीवर कशाला!

फक्त एक, फ्लॅटचे करारनामे एखाद्या नावाने आधीच रजिस्टर झाले असतील तर नुसता बोर्ड बदलून कागदावरचं नाव बदलत नाही, आधी वकिलाला विचारा.